मुलाखत घेणारा नेमकं काय ऐकत असतो?

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मोटारींसाठी ॲल्युमिनिअमचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या गुणवत्ता विभागाचे प्रमुख गेली वीसेक वर्षं नोकरीच्या मुलाखती घेत आले आहेत. स्वतःचं आणि कंपनीचं नाव छापायचं नाही आणि उमेदवारांचे तपशील थोडे बदलायचे, एवढ्या दोन अटींवर ते मोकळेपणानं बोलले. उमेदवारातलं नेमकं काय पाहून तुम्ही प्रभावित होता, या प्रश्नावर त्यांचं पहिलं उत्तर असं होतं, “आधी काय पाहून व्हायचो ते सांगतो. ते कळल्याशिवाय आत्ताचं उत्तर पटणार नाही.”

सुरुवातीच्या काळात त्यांना उमेदवार आधी आवडायचा आणि तो चांगला का आहे याची कारणं नंतर सापडायची. खणखणीत आवाज, न अडखळता बोललेलं इंग्रजी, इस्त्रीचा शर्ट, नजरेला नजर देणं, एवढ्यावर पहिल्या पाच मिनिटांत कौल लागायचा. एखादा त्यांच्याच कॉलेजचा किंवा त्यांच्याच तालुक्यातला निघाला, तर अवघड प्रश्न आपोआप सोपे व्हायचे. “सोपे प्रश्न मीच विचारायचो आणि उत्तरं छान आली म्हणून खूशही मीच व्हायचो. समोरच्याला यातलं काही ठाऊक नसायचं. कितीतरी वेळा मलाही नसायचं,” असं ते सांगतात.

ही काही त्यांच्या एकट्याची गोष्ट नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली या प्रकाराकडे लक्ष वेधलं होतं. लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि स्वभाव यांसाठी वेगवेगळे गुण दिले होते. थॉर्नडाइक यांना दिसलं, की हे गुण वेगवेगळे राहतच नाहीत. एका बाबतीत ज्याला वरचे गुण मिळाले, त्याला बाकीच्या बाबतींतही वरचेच मिळाले होते. उंचापुरा माणूस हुशार आणि जबाबदारही ठरत होता. एका गुणाचा उजेड बाकीच्यांवर पडतो, आणि मुलाखतीच्या खोलीत हा उजेड बहुतेक वेळा बोलण्याच्या सफाईचा असतो.

याहून चमत्कारिक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जेसन डेना, रॉबिन डॉज आणि नॅथनिअल पीटरसन या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घ्यायला लावल्या. मुलाखत संपल्यावर त्यांनी समोरच्याला पुढच्या सत्रात किती गुण मिळतील याचा अंदाज करायचा होता. समोरच्याचे मागचे गुण त्यांना आधीच दिलेले होते. यातल्या काही मुलाखतींत उत्तरं देणाऱ्याला गुपचूप सांगून ठेवलं होतं, की खरं उत्तर द्यायचं नाही. ठरलेल्या एका नियमानं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. प्रश्नाशी त्या उत्तराचा काहीही संबंध नसायचा. मुलाखत घेणाऱ्यांच्या हे ध्यानातच आलं नाही. त्या असंबद्ध उत्तरांमधून त्यांनी माणसाचं एक सुसंगत चित्र उभं केलं आणि आपल्याला हा माणूस चांगला कळला, असंच त्यांना वाटत राहिलं. मुलाखत न घेता नुसते मागचे गुण पाहून केलेला अंदाज मात्र जास्त बरोबर निघाला.

म्हणजे गप्पांच्या ओघात घेतलेली मुलाखत कधी कधी हातातली खरी माहितीही झाकोळून टाकते. चाकणच्या या अधिकाऱ्यांनी हा प्रयोग वाचला, तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त बोचलं ते ‘माणूस कळल्याची भावना’. मुलाखत संपवून उठताना तीच तर असायची त्यांच्यापाशी.

यावरचा उपाय खरं तर खूप जुना आहे. १९५५ साली इस्राएलच्या लष्करात डॅनिएल काहनेमन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुण अधिकाऱ्याकडे भरतीच्या मुलाखतींची पद्धत सुधारण्याचं काम आलं. पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले काहनेमन ते हेच. तोवर तिथे पंधरा-वीस मिनिटं इकडचं तिकडचं बोलून ‘हा मुलगा लष्करात कसा निभावेल’ याचं एकूण मत नोंदवायची रीत होती. त्या मतांचा पुढच्या कामगिरीशी जवळजवळ काहीच मेळ बसत नव्हता. काहनेमन यांनी सहा गुण ठरवले. जबाबदारीची जाणीव आणि मिळून मिसळून वागणं ही त्यांतली दोन उदाहरणं. प्रत्येक गुणासाठी त्यांनी वस्तुस्थितीचे प्रश्न लिहून दिले. आधी कुठे काम केलं, किती नियमितपणे केलं, मित्रांना किती वेळा भेटतोस, खेळतोस का, असे साधे प्रश्न. एका गुणाचे प्रश्न संपले की लगेच पाचपैकी गुण द्यायचे आणि मगच पुढच्याकडे वळायचं. एकूण मत बनवायचंच नाही.

मुलाखत घेणारे सैनिक चिडले. आम्हाला यंत्रमानव करून टाकता आहात, अशी त्यांची तक्रार होती. मग काहनेमन यांनी एक सवलत दिली. सगळे गुण देऊन झाले की शेवटी डोळे मिटा, हा मुलगा सैनिक म्हणून डोळ्यांपुढे आणा आणि तुम्हाला जे वाटेल तो आकडा लिहा. काही महिन्यांनी पाहिलं, तर नवी पद्धत जुनीपेक्षा बरीच सरस निघाली होती. आणि सहा गुणांची बेरीज जितकी उपयोगी पडत होती, तितकाच तो डोळे मिटून दिलेला आकडाही उपयोगी पडत होता. पाहताक्षणी झालेलं मत आणि सहा बाबी शिस्तीनं तपासून झाल्यावर झालेलं मत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यातून स्पष्ट झालं.

नोकरभरतीच्या पद्धतींवरचं संशोधन एकत्र करून पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये नव्यानं हिशेब मांडला. कामावरच्या पुढच्या कामगिरीचा अंदाज देण्यात सगळ्यांना तेच प्रश्न विचारणारी, ठरवून आखलेली मुलाखत सर्वांत वर आली. गप्पांसारखी मुलाखत बरीच खाली राहिली. नुसती अनुभवाची वर्षं तर तळाशी गेली. ज्या जाहिरातींत ‘किमान पाच वर्षांचा अनुभव’ ही पहिली अट असते, त्यांनी याची दखल घ्यायला हरकत नाही. गूगलचे मनुष्यबळ प्रमुख राहिलेले लाझ्लो बॉक यांनीही २०१३ मध्ये उघड सांगितलं होतं, की विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील यांसारख्या कोड्यांचा माणूस निवडायला काही उपयोग झाला नाही. त्यातून विचारणाऱ्यालाच आपण हुशार असल्यासारखं वाटतं.

आपल्याकडच्या सरकारी भरतीत हा प्रश्न वेगळ्या वाटेनं आला. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून खालच्या गटांतल्या पदांसाठी मुलाखतच बंद केली, कारण तिथे गुणांपेक्षा ओळख आणि पैसा चालतो ही तक्रार जुनी होती. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत ती आजही आहे, पण एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुणांपुरती. खासगी कारखान्यात असा लेखी परीक्षेचा आधार नसतो. तिथे मुलाखतीवरच बरंचसं ठरतं, म्हणून ती कशी घेतली जाते याला जास्त महत्त्व येतं.

चाकणच्या कारखान्यात आता एक छापील कागद असतो. त्यावर पाच प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण आणि कोणत्या उत्तराला एक, कोणत्याला तीन, कोणत्याला पाच द्यायचे हे आधीच लिहिलेलं. दोघं जण मुलाखत घेतात, आपापले गुण वेगवेगळे लिहितात आणि ते लिहून होईपर्यंत उमेदवाराविषयी एकमेकांशी बोलत नाहीत. पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: तुम्ही स्वतः मुळापर्यंत शोधत गेलात असा एक दोष सांगा.

एका दिवशी या प्रश्नाला मिळालेली दोन उत्तरं त्यांनी सविस्तर सांगितली. जागा गुणवत्ता विभागातल्या इंजिनिअरची होती आणि दोन्ही उमेदवारांना साधारण तीन वर्षांचा अनुभव होता.

पहिल्याच्या बायोडेटावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की रिजेक्शन चार टक्क्यांवरून एका टक्क्यावर आणलं. बोलण्यात कुठेही खंड नव्हता. टीम बसली, ब्रेनस्टॉर्मिंग झालं, फिशबोन आकृती काढली, पाच वेळा ‘का’ विचारलं, मूळ कारण सापडलं, उपाय केला. मूळ कारण काय होतं? ऑपरेटरला प्रशिक्षण कमी पडत होतं. कशाचं प्रशिक्षण? मोजमापाचं. तो काय चुकत होता? नीट मोजत नव्हता. म्हणजे नेमकं काय करत होता? या प्रश्नावर उमेदवार पुन्हा फिशबोनपाशी आला. तुम्ही स्वतः त्या मशिनवर कधी उभे राहिलात, असं विचारल्यावर कळलं, की आकडे दुसऱ्या कुणीतरी गोळा केले होते आणि यानं सादरीकरण तयार केलं होतं. सादरीकरण करणं हेही काम आहे. पण बायोडेटावर ते तसं लिहिलेलं नव्हतं.

दुसरा मराठवाड्यातल्या एका पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केलेला. आवाज हळू, इंग्रजीची दोन वाक्यं झाल्यावर तिसऱ्याला अडला. “सर, मराठीत सांगितलं तर चालेल का?” असं त्यानं विचारलं. चालेल म्हटल्यावर त्यानं टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला आणि एक गोल काढला.

तो ज्या भागावर काम करत होता, त्यात ५० मिलीमीटर व्यासाचं बोअर होतं. ड्रॉइंगनुसार ते ५०.००० ते ५०.०२५ च्या मध्ये यायला हवं, म्हणजे सगळी मिळून सूट २५ मायक्रॉनची. (एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग.) मशिनजवळ ऑपरेटर बोअर गेजनं मोजायचा, तेव्हा माप बरोबर यायचं. तोच तुकडा स्टँडर्ड रूममध्ये सीएमएम यंत्रावर मोजला, की लहान निघायचा आणि बाद व्हायचा. दोन विभागांत रोज वाद. ऑपरेटर म्हणायचा, तुमचं यंत्र चुकतंय. स्टँडर्ड रूमवाले म्हणायचे, तुझा हात चुकतोय.

“पहिल्यांदा मला वाटलं गेज खराब आहे,” त्यानं कुणी न विचारताच सांगितलं. गेज कॅलिब्रेशनला पाठवलं, त्यात आठवडा गेला आणि ते ठीक असल्याचा शेरा घेऊन परत आलं. मग त्यानं रिजेक्शनचं रजिस्टर घेतलं. ते मशिनवार लावलेलं असायचं. त्यानं ते वेळेनुसार लावून पाहिलं. दुपारच्या तासांत बाद होणारे तुकडे जास्त होते आणि एप्रिल-मेमध्ये ते आणखी वाढले होते. तरीही कारण हाती लागत नव्हतं. ते सुचवलं ऑपरेटरनं. “साहेब, दुपारी तुकडा हातात धरवत नाही आणि आम्ही तो तसाच मोजतो,” असं तो सहज बोलून गेला होता.

पुढचं गणित उमेदवारानं कागदावर करून दाखवलं. तापमान एका अंशानं वाढलं, की ॲल्युमिनिअम दर मीटरला साधारण २३ मायक्रॉन फुगतं. ५० मिलीमीटरला ते एका अंशामागे एक मायक्रॉनपेक्षा थोडं जास्त होतं. तुकडा दहा अंशांनी गरम असेल, तर फरक साडेअकरा मायक्रॉनचा, म्हणजे एकूण मिळालेल्या सुटीच्या जवळजवळ निम्मा. मशिनजवळ ५०.००६ दिसलेलं बोअर निवल्यावर ५० च्या खाली उतरतं. स्टँडर्ड रूम २० अंशांवर ठेवलेली असते, कारण लांबीची मापं त्याच तापमानाला धरायची असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. गेजही खरं बोलत होतं आणि सीएमएमही. दोघं मोजत होते ते वेगवेगळ्या तापमानाचे तुकडे.

हे सिद्ध करायला त्यानं काय केलं? तीस तुकड्यांवर नंबर घातले, मशिनमधून निघाल्याबरोबर मोजले आणि दोन तास स्टँडर्ड रूममध्ये ठेवून पुन्हा मोजले. तीसच्या तीस आकुंचन पावले होते. उपाय दोन केले. मशिनशेजारी एक रॅक ठेवला, तुकडे अर्धा तास तिथे निवायचे आणि मगच मोजायचे. पण त्या अर्ध्या तासात मशिन चुकीच्या मापावर चालत राहिलं तर? म्हणून गरम तुकड्यासाठी वेगळं लक्ष्य दिलं, ५०.०१८ च्या आसपास ठेवा, म्हणजे निवल्यावर तो हद्दीत राहील. हा आकडा हिवाळ्यात बदलावा लागतो, हे त्यानंच पुढे सांगितलं. महिन्यांनुसार तक्ता करायला घेतला होता, पण नोकरी बदलेपर्यंत तो पुरा झाला नाही.

रिजेक्शन किती घटलं, असं विचारल्यावर तो थोडा थांबला. “निम्म्याहून कमी झालं सर, पण त्याच महिन्यांत कास्टिंग पुरवणारा बदलला होता, त्यामुळे छिद्रांचे दोषही कमी झाले. त्यातलं माझं किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही.”

चाकणच्या अधिकाऱ्यांची खरी कबुली इथे येते. त्यांच्या मते या सगळ्या उत्तरातलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच शेवटचं होतं. गुणवत्ता विभागात रोज आकडे वर पाठवायचे असतात, आणि स्वतःच्या फायद्याचा आकडाही जो माणूस फुगवत नाही, त्याच्या सहीवर विसंबून माल पाठवता येतो. दुसरं मोलाचं म्हणजे वाया गेलेला तो आठवडा. खऱ्या शोधात चुकीची वाट असतेच. जो ती सांगतो, तो त्या वाटेनं गेलेला असतो. आणि तिसरं, ऑपरेटरचं श्रेय ऑपरेटरला देणं. कारखान्यात पुढचा सुगावा कोण देणार, हे त्यावर ठरतं. ऐकून घेणाऱ्यालाच लोक सांगतात.

त्यांनी पाच गुण दिले. शेजारी बसलेल्या एचआर अधिकारी बाईंनी तीन दिले होते. संवादकौशल्य कमी, असा त्यांचा शेरा होता. कागदाची शिस्त अशा वेळी कामी येते. दोघांनी आपापल्या नोंदी समोर ठेवल्या आणि ‘या कामाला कोणतं संवादकौशल्य लागतं’ असा प्रश्न घेतला. ऑपरेटरशी मराठी-हिंदीत बोलणं रोजचं, तिथे हा उमेदवार कुठेच कमी नव्हता. पण परदेशी ग्राहकाचं ऑडिट वर्षातून काही वेळा होतं आणि ते इंग्रजीत चालतं. बाईंचा मुद्दा खोटा नव्हता. शेवटी त्याला घेतलं ते ही उणीव लिहून ठेवूनच. पहिल्या वर्षी ऑडिटमध्ये त्याच्याबरोबर दुसरा कुणीतरी असेल, असं ठरलं. इंग्रजीकडे काणाडोळा करावा, असं या अधिकाऱ्यांचं म्हणणं नाही. इंग्रजीचे गुण इंग्रजीच्या रकान्यात पडावेत आणि दोष शोधण्याचे दोष शोधण्याच्या, एवढाच त्यांचा आग्रह आहे.

त्यांच्या कागदावरचा आणखी एक प्रश्न मुद्दाम अर्धवट सोडलेला आहे. एकाच बोअरचं माप गेजवर एक आणि सीएमएमवर दुसरं आलं, तर कोणतं खरं मानाल? बरेच जण झटकन सीएमएम म्हणतात, कारण ते महाग यंत्र आहे. खरं तर एवढ्या माहितीवर उत्तर देताच येत नाही. साधं बोअर गेज समोरासमोरच्या दोन बिंदूंमधलं अंतर मोजतं, सीएमएम बरेच बिंदू घेऊन त्यातून वर्तुळ काढतं. बोअर किंचित लंबगोल असेल, तर दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पाच गुण मिळतात ते उलट प्रश्न विचारणाऱ्याला. तुकडा किती तापमानाचा होता? गेज कोणत्या मास्टरवर शून्याला लावलं होतं? बोअरच्या तोंडाशी मोजलं की तळाशी? “मला माहीत नाही, पण आधी हे तीन तपासीन,” हे उत्तर त्यांना फार आवडतं. नुसतं “माहीत नाही” म्हणून गप्प बसणाऱ्याला ते थोडा वेळ देतात आणि विचारतात, माहीत करून कसं घ्याल? तिथेही काही आलं नाही, तर गुण कमी होतात.

नव्यानं पास झालेल्या मुलांकडे असे किस्से नसतात आणि त्यांच्या बायोडेटावरच्या प्रोजेक्टबद्दल तर या अधिकाऱ्यांना नेहमी शंका असते. तयार प्रोजेक्ट विकत मिळतात हे कॉलेजांत सर्वांना ठाऊक आहे. म्हणून ते प्रोजेक्ट कशावर होता हे विचारतच नाहीत. तो करताना काय मोडलं, काय जळलं, काय पुन्हा करावं लागलं, हे विचारतात. एका आयटीआयच्या मुलाला प्रोजेक्टविषयी काहीच सांगता येईना. मग त्यांनी विचारलं, घरी कधी काही दुरुस्त केलंस? विहिरीवरची थ्री-फेज मोटर वारंवार जळत होती, ती गोष्ट त्यानं सांगितली. वायंडिंग करून आणायची आणि दोन महिन्यांत पुन्हा जळायची. एक फेज गेली तरी मोटर उरलेल्या दोनवर ओढत राहते, जास्त प्रवाह घेते आणि तापते, हे त्याला शिकवलेलं होतं. अशा वेळी स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेनं मोटर बंद करायला हवी. ती का होत नाही, म्हणून त्यानं रिले उघडून पाहिला, तर तो मोटरच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा बराच वर लावून ठेवलेला होता. मोटर सारखी बंद पडते म्हणून कुणीतरी तो वाढवला होता. मुलाखतीत तोवर मान खाली घालून बसलेला तो मुलगा पुढची दहा मिनिटं थांबला नाही.

पाठ करून आलेली गोष्ट ओळखायची कशी? हल्ली क्लासमध्ये उत्तरांचा साचा शिकवतात: प्रसंग, जबाबदारी, कृती, परिणाम. साचा वाईट नाही, त्यानं बोलणं सुटसुटीत होतं. पण या अधिकाऱ्यांचे प्रश्न साच्याच्या बाहेरून येतात. तेव्हा तुमच्या म्हणण्याला विरोध कुणी केला? रजिस्टरमध्ये ही नोंद कोणत्या रकान्यात होती? उपाय केल्यावर कुणाचं काम वाढलं? ज्यानं ते काम केलेलं असतं, त्याची गोष्ट अशा प्रश्नांनी रुंदावते. रॅकमुळे मशिनशेजारची जागा अडली म्हणून फोर्कलिफ्टवाला ओरडायचा, असं काहीतरी बाहेर येतं. ज्यानं केलेलं नसतं, तो फिरून त्याच वाक्यावर येतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी चांगला प्रसंग आठवत नाही, म्हणून हे प्रश्न कोणत्या प्रकारचे असतील ते त्यांचा कारखाना आता दोन दिवस आधी कळवतो. जुन्या कंपनीची गुपितं सांगता येत नसल्यानंही काहींची उत्तरं त्रोटक राहतात. त्यांना आकडे गाळून सांगायची मुभा असते. गोष्ट सांगण्याची हातोटी काहींकडे जात्याच असते, आणि ती कितीही टाळली तरी गुणांत थोडी शिरतेच. म्हणून मुलाखतीनंतर मायक्रोमीटर, तीन तुकडे आणि एक ड्रॉइंग देऊन अर्धा तास प्रत्यक्ष काम करायला लावतात. मापं घेण्याआधी मायक्रोमीटरचं शून्य तपासलं का, हे तिथे बघतात. छान बोलणारे कितीतरी जण ते तपासत नाहीत.

अगदी शेवटी उमेदवाराला विचारलं जातं, तुम्हाला काही विचारायचंय का? याला कागदावर गुण नाहीत आणि ते मुद्दामच ठेवलेले नाहीत. नाहीतर क्लासवाले इथेही तयार प्रश्न शिकवतील. तरी काही प्रश्न या अधिकाऱ्यांना मनापासून आवडतात. या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेले, हा त्यातला एक. त्याचं खरं उत्तर ते देतात: रात्रपाळीत माल अडला की घरी फोन येतो, आणि ग्राहकाकडे तक्रार गेली की त्याच दिवशी निघावं लागतं, आधीचा माणूस यालाच कंटाळून गेला. एका चांगल्या उमेदवार मुलीनं हे ऐकून दोन दिवसांनी नकार कळवला. सगळे गुण तिला वरचे होते. जागा दीड महिना रिकामी राहिली आणि तेवढे दिवस रात्रीचे फोन त्यांनी स्वतः घेतले. पुढच्या उमेदवारालाही त्यांनी तेच उत्तर दिलं.